टेबल किती खाली येतं?

(स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि रुग्णालयांची खरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आपल्या ओपीडीतलं तपासणीचं टेबल जमिनीपासून किती उंच आहे, हे इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी मोजलंय? बहुतेक ठिकाणी ते गादीसकट 80 सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तपासणाऱ्याला फार वाकावं लागू नये, एवढाच त्या उंचीमागचा विचार. व्हीलचेअरची बैठक असते 45 ते 50 सेंटिमीटरवर. चालती बाई स्टुलावर पाय देऊन वर चढते. जिच्या पायांत ताकदच नाही, ती त्या 30 सेंटिमीटरपाशी अडते.

मग दोनच गोष्टी घडतात. एक तर खुर्चीतच पोट चाचपून, 'काही त्रास नाही ना?' असं विचारून तिला पाठवून देतात आणि केसपेपरवर मात्र तपासणी झाल्याची नोंद पडते. नाहीतर दोन माणसं बोलावून तिला उचलतात.

आमच्याकडे आलेल्या एका ताईंचं सांगतो. वय 42. गच्चीवरून पडून छातीच्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झालेली, त्याखाली संवेदना नाही. आधी एका रुग्णालयात त्यांना असंच उचललं होतं. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. साडी वर गेली, पडदा उघडाच होता. टेबलावर ठेवताना ढुंगणाची कातडी कडेवर घासली. ते त्यांना कळलंच नाही, रात्री कपडे बदलताना नवऱ्याला दिसलं. ती जखम भरायला कित्येक आठवडे लागले. त्यानंतर आशाताईंनी कितीदाही सांगितलं तरी त्या तपासणीला गेल्या नाहीत. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वर्षांच्या बायकांची गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची असते. या ताईंची एकदाही झाली नव्हती, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता.

आमचं टेबल विजेवर वरखाली होतं आणि गादीसकट 45 सेंटिमीटरपर्यंत खाली येतं. खुर्ची टेबलाला किंचित तिरकी लावली, दोन्ही ब्रेक लावले, टेबलाकडचा हात काढला, पायठेवणी बाजूला वळवली. मधे सरकफळी ठेवली आणि तिच्यावर सुती चादर, कारण उघडी कातडी फळीवर ओढली की सोलते. ताई स्वतःच्या हातांच्या जोरावर सरकल्या. सिस्टर नुसत्या जवळ उभ्या होत्या. परत येताना आम्ही टेबल खुर्चीपेक्षा दोन बोटं वर घेतलं. हाताच्या जोरावर सरकणाऱ्याला उताराकडे जाणं सोपं असतं, म्हणून जाताना टेबल बैठकीच्या बरोबरीला किंवा जरा खाली हवं आणि येताना जरा वर. ठरावीक उंचीचं टेबल, मग ते बुटकं का असेना, या दोन्ही गोष्टी करू शकत नाही.

सरकण्याआधी दोन कामं उरकली होती. ताईंनी नळीनं लघवी काढून घेतली, आणि आम्ही रक्तदाब पाहून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहिला: 96/60. हे का, ते आता येईलच.

पाय बांधून वर टांगण्याची गरज नसते. गुडघे वाकवून तळवे एकमेकांना लावले तरी जागा मिळते, कुशीवर झोपवूनही तपासता येतं. ताईंच्या मांड्या आखडल्या तेव्हा ओढाताण न करता पाय नुसते आधार देऊन धरले आणि थांबलो. आखडलेले स्नायू हळूहळू सुटतात, जबरदस्ती केली की आणखी घट्ट होतात. कंबर टेबलाच्या कडेला आणलेली नसेल तर स्पेक्युलमची मूठ वरच्या बाजूला ठेवून घालायची. कोमट केलेला लहान आकाराचा स्पेक्युलम आणि लिग्नोकेन जेली वापरली. 'यांना कळतच नाही, मग जेली कशाला?' असं एका निवासी डॉक्टरांनी विचारलं. ताईंना कळत नसलं तरी त्यांच्या शरीराला कळतं.

आणि ते लगेच दिसलं. स्पेक्युलम उघडताच ताई म्हणाल्या, "डोकं ठणकतंय." चेहरा लाल, कपाळावर घाम. रक्तदाब 142. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा आकडा फारसा घाबरवणार नाही, पण 96 वाल्या बाईच्या दृष्टीनं ही मोठी उसळी आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांत खालच्या अंगाला टोचलं, ताणलं, मूत्राशय भरलं की रक्तवाहिन्या आवळतात, आणि मेंदूकडून येणारा 'सैल सोडा' हा निरोप इजेच्या जागी अडतो. दुर्लक्ष केलं तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नेहमीच्या आकड्यापेक्षा वरचा रक्तदाब 20 ते 40 नं चढला की सावध व्हायचं. म्हणून तो आधी लिहून ठेवायचा.

आम्ही स्पेक्युलम काढला, टेबलाची पाठ उभी करून त्यांना बसवलं, पाय खाली सोडले, पोटाचा पट्टा सैल केला, लघवी पुन्हा तुंबली नाही ना ते पाहिलं. दर दोन-तीन मिनिटांनी मोजत राहिलो. उतरला नसता तर रक्तदाब उतरवणारं औषध हाताशी होतं. इथं टेबल पुन्हा महत्त्वाचं ठरतं, कारण पाठ उचलणारं टेबल बाईला काही सेकंदांत बसवतं. सपाट टेबलावर तेवढ्यासाठी माणसं गोळा करावी लागतात.

त्या दिवशी पुन्हा स्पेक्युलम घातला नाही. एचपीव्ही चाचणीसाठी योनीतला नमुना मऊ ब्रशनं स्पेक्युलमशिवाय घेता येतो, बाई स्वतःही घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 पासून ही पद्धत मान्य केली आहे. ही चाचणी किती कामाची आहे, ते आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांच्या अभ्यासानं 2009 मध्ये जगाला दाखवलं. ताईंचा अहवाल निगेटिव्ह आला.

स्तनांच्या तपासणीचं थोडक्यात सांगतो. हातानं केलेली तपासणीही आडवं झोपवल्याशिवाय पुरी होत नाही, कारण झोपल्यावर स्तन छातीवर पसरतो आणि बोटांना आतली गाठ लागते. मुंबईत टाटा रुग्णालयानं वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी हातानं तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे मॅमोग्राफी नसलेल्या गावातही टेबल खाली येण्याला मोल आहे. मॅमोग्राफी यंत्र घेताना त्याची पट्टी बसलेल्या बाईच्या छातीपर्यंत उतरते का आणि खाली गुडघे व पायठेवणी शिरतात का, हे विक्रेत्याला व्हीलचेअर आणायला लावूनच बघा.

आता खरेदी. माहितीपत्रकात 'उंची कमीजास्त होते' असं असतं आणि टेबल 60 सेंटिमीटरच्या खाली येत नाही. निविदेत सर्वांत कमी उंची, गादीसकट, आकड्यात लिहा. अमेरिकेच्या अॅक्सेस बोर्डानं 2024 मध्ये ती 17 इंच, म्हणजे साधारण 43 सेंटिमीटर ठरवली. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 सरकारी आणि खाजगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश मागतं, दिव्यांग स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे. दारातल्या रॅम्पवर ते कलम भागत नाही. टेबलाच्या एका बाजूला खुर्ची वळेल इतकी मोकळी जागा ठेवा. तिथं हमखास औषधांची ट्रॉली उभी असते.

'स्वतः नमुना घेता येतो, मग टेबल कशाला?' असं मला हल्ली विचारतात. एचपीव्ही पॉझिटिव्ह आला की गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहावं लागतं, अॅसिटिक अॅसिड लावून एक मिनिट थांबावं लागतं, डाग दिसला तर बऱ्याचदा तिथंच उष्णतेनं जाळावा लागतो. यातलं काहीही खुर्चीत होत नाही. नमुन्याची किट वाटण्याआधी तालुक्यात एक तरी खाली येणारं टेबल कुठं आहे ते शोधा, आणि किटच्या पाकिटावर त्या जागेचा पत्ता छापा.