पेन्सिल किती वेळा वळली?

फळ्यावर मी मुद्दाम वेडीवाकडी चांदणी काढली आहे. पाच टोकांना घड्याळाच्या दिशेने अ, ब, क, ड, इ अशी नावं देऊ. खडू न उचलता मी अ-वरून क-ला, तिथून इ, ब, ड आणि परत अ-ला आलो. नियमित चांदणीत प्रत्येक टोकाचा कोन 36 अंशांचा असतो, म्हणून बेरीज 180. पण या वाकड्या चांदणीतही बेरीज 180 अंशच भरते, आणि ती का भरते हे बघायचं आहे.

बइ ही आडवी रेघ अक-ला प-मध्ये आणि अड-ला फ-मध्ये छेदते. आता पकइ हा त्रिकोण बघा. प-पाशी त्याचा बाह्यकोन म्हणजे कोन अपफ. बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, म्हणून तो क आणि इ या टोकांच्या कोनांएवढा झाला. तसाच फबड या त्रिकोणामुळे कोन अफप हा ब आणि ड यांच्या बेरजेएवढा. म्हणजे पाचही टोकांचे कोन अपफ या एकाच छोट्या त्रिकोणात येऊन बसले.

दुसरी रीत पेन्सिलीची. पेन्सिल अक-वर ठेवा, क-पाशी तिथल्या कोनाइतकी वळवून कइ-वर आणा, पुढे सरकवा. प्रत्येक टोकाशी हेच, नेहमी एकाच दिशेने. पाच वळणांनंतर पेन्सिल अक-वर परत येते, पण उलटी. मुलं लगेच म्हणतात, ‘उलटली, म्हणजे 180!’ इथे मी नेहमी थांबवतो. साध्या पंचकोनातही पेन्सिल उलटीच होते, पण तिथे बेरीज 540 आहे. ती दीड फेरा फिरलेली असते. म्हणून पेन्सिल उलटली एवढं बघून भागत नाही, अर्धे फेरे मोजावे लागतात. चांदणीत एक, पंचकोनात तीन. सात टोकांच्या चांदणीत एक टोक सोडून पुढचं जोडलं तर तीन अर्धे फेरे, म्हणजे 540. दोन टोकं सोडून जोडलं तर पुन्हा एकच, 180.

मला पेन्सिलीची रीत जास्त आवडते, त्याला कारण आहे. अ हे टोक हळूहळू खाली ओढा. ते बइ ओलांडून मधल्या पंचकोनात शिरलं की अपफ त्रिकोणच उरत नाही आणि पहिली सिद्धता तिथे लागू पडत नाही. पेन्सिल मात्र पाचही ठिकाणी अजून त्याच दिशेने वळते, त्यामुळे बेरीज 180 अंशच राहते. मोजून बघा. अ-ला आणखी ओढून कइ या रेघेपलीकडे, ड-च्या टोकात नेलं, की मग क-पाशी पेन्सिल उलट्या दिशेने वळायला लागते. आता उरलेल्या चार कोनांच्या बेरजेतून क-चा कोन वजा केला, तरच 180 मिळतात.