शनिवारची संध्याकाळ, रविवारची सकाळ

नमस्कार श्रोतेहो. आज खेळणाऱ्या पोरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, आपल्याकडच्या स्पर्धा शनिवार-रविवारी गाठून येतात. फुटबॉल असो, कबड्डी असो, पहिली मॅच जिंकली की दुसरी लगेच दुसऱ्या दिवशी. पोरगा आठवडाभर कामाला किंवा कॉलेजला जातो आणि दोन दिवसांत दोन मॅच काढतो. या दोन मॅचच्या मधल्या पंधरा तासांत काय करायचं, एवढंच आज सांगणार आहे.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. साठ किलोचा पोरगा, मिडफिल्डला खेळतो, म्हणजे संघात सगळ्यात जास्त पळणारा. ऑक्टोबरचे दिवस होते. शनिवारी चार वाजता टिळकवाडीत लेले मैदानावर मॅच, रविवारी सकाळी नऊला दुसरी. शनिवारची जिंकली. पोरं खूश. मैदानाबाहेर गाड्यावर मिरची भजी, त्यावर सोडा. मग एका मित्राच्या घरी हळद होती, तिथं साडेअकराला तेलाचा तवंग आलेला मटणाचा रस्सा. घरी आला तेव्हा एक वाजून गेला होता. मोबाईल बघत पडला, झोप लागली दोनला. सकाळी साडेसातला ताईनं हलवून उठवलं. पोटात काही जाईना, एक कप चहा पिऊन निघाला.

मी मैदानाच्या कडेला उभा होतो. पहिली वीस मिनिटं ठीक गेली. नंतर बघतो तर परतायला उशीर करतोय, चेंडू आला की थांबून घेतोय, कमरेवर हात. दुसऱ्या हाफमध्ये पंधराव्या मिनिटाला पोटरीला पेटका आला आणि बसला तो उठलाच नाही. बाहेर आणला तर म्हणतो, "मामा, पायच नव्हते गा माझे." मैदानावर सगळे म्हणाले, मीठ कमी पडलं. पेटका आला की आपल्याकडे मिठाचं नाव पहिलं निघतं. मीठ, पाणी यांचा वाटा असेलही, पण पेटका जास्त करून थकलेल्या स्नायूलाच येतो. आणि या पोराचे स्नायू शनिवारी रिकामे झाले ते पुन्हा भरलेच नव्हते.

भरायचं म्हणजे काय? आपण भात, भाकरी, केळं खातो, त्यातली साखर शरीर मांडीत, पोटरीत साठवून ठेवतं. त्याला ग्लायकोजन म्हणतात. सत्तर-ऐंशी मिनिटं धावपळ केली की तो साठा बराच उतरतो. तो पूर्ण भरायला जवळजवळ चोवीस तास लागतात, आणि आपल्या हातात असतात पंधरा. म्हणून पहिला तास सगळ्यात मोलाचा. मॅच संपल्या संपल्या स्नायू ही साखर भराभर ओढून घेतात, उशीर झाला की तो वेग मंदावतो. मिरची भजीत बेसन आणि तेल. तेलानं पोट भरतं, पण पोटातून पुढं सरकायला वेळ लागतो. पोराचं पोट भरलं, पाय रिकामेच राहिले.

पुढच्या वर्षी तसाच शनिवार-रविवार आला. या वेळी मी ताईला आधीच सांगून ठेवलं. मॅचच्या आधी त्याचं वजन केलं, साठ किलो चारशे. मॅच झाल्यावर घामाचे कपडे काढून पुन्हा केलं, अठ्ठावन्न किलो नऊशे. दीड किलो उतरला, म्हणजे जवळपास दीड लिटर घाम. जेवढं उतरलं त्याच्या दीडपट प्यायचं, कारण थोडं लघवीवाटे जातं. सव्वादोन लिटर झालं. एकदम घटाघटा नाही, झोपेपर्यंत थोडं थोडं. त्यात दोन तांबे ताक, मीठ घालून. नुसतं पाणी ढोसलं तर निघून जातं, मीठ असलं की शरीरात थांबतं.

खाण्याचा हिशेब सोपा आहे. पहिले तीन-चार तास, दर तासाला, वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम. साठ किलोच्या पोराला तासाला साठ ग्रॅम पिठूळ-गोड पदार्थ, पदार्थाचं वजन नव्हे, त्यातली साखर-पिष्ट. चार लहान जवारी केळी मैदानातच खाल्ली की पहिल्या तासाचं झालं. मग घरी येऊन चिरमुरे-गूळ, एक ग्लास दूध. आठ वाजता पोटभर भात, आमटी, दोन अंडी, दही. स्नायूंच्या दुरुस्तीला प्रथिनं लागतात, ती अंडी, दूध, डाळीतून आली. ताई म्हणाली, "दादा, मटण नाही केलं तर पोरगं रुसेल." म्हटलं, "रविवारी रात्री कर की, पाहिजे तेवढं." मटणाला माझा विरोध नाही. आणि आपला कुंदा तर मला जीव की प्राण, पण तो दुधा-साखरेचा जड ऐवज. मॅचनंतरची केळी जे काम करतात ते त्यानं होत नाही.

पुन्हा सांगतो. मॅच संपली की तासाभरात केळी किंवा गूळ-चिरमुरे. मिठाचं ताक. आठपर्यंत भाताचं जेवण. भजी नाही.

आता झोप. मॅचनंतर अंग थकतं, पण डोकं जागं असतं, गोल डोळ्यांपुढं येत राहतात. म्हणून संध्याकाळी सहानंतर चहा नको. चहातलं कॅफिन पाच तासांनी साधारण निम्मंच उतरतं. रात्री नऊला कोमट पाण्यानं अंघोळ, मोबाईल बाहेरच्या खोलीत, दहाला अंथरुणात. भाचा सहाला उठला, आठ तास झाले. शुक्रवारची रात्रही यात धरा. दोन्ही रात्री जागलात तर एकट्या शनिवारच्या झोपेनं ते भरत नाही. दारू घेणाऱ्यांना सांगतो, दारूनं झोप तुटक होते, लघवी जास्त होते, आणि स्नायूंची दुरुस्तीही मंदावते. एक तक्रार इथं करतोच: रविवारची मॅच सकाळी नऊला लावणाऱ्या आयोजकांनी ती दुपारी चारला लावावी. पोरांना सात तास जास्त मिळतील.

सकाळी साडेसहाला पोहे, थोडंच तेल, वर केळं. मॅचच्या अर्ध्या तासापूर्वी आणखी एक केळं. उठल्यावर लघवी गडद पिवळी दिसली तर अजून पाणी कमी आहे, हे समजावं.

त्या रविवारी भाचा शेवटच्या शिट्टीपर्यंत पळाला. मांड्या दुखत होत्याच. ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं, खाण्यानं ते पूर्ण जात नाही. दोन्ही पाय सारखे भरून आलेत, थोडं पळल्यावर मोकळे होतात, तर खेळावं. पण एकाच ठिकाणी टोचतंय, सूज आहे, एका पायावर उडी मारता येत नाही, तर बाहेर बसावं. आणि त्यावर गोळी घेऊन उतरू नका. दुखायचं थांबतं, दुखापत तिथंच असते, आणि घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळीनं मूत्रपिंडावर ताण येतो.

नमस्कार.