चांदणीचं पान आणि कपिलीचं पान

श्रोतेहो, नमस्कार. शेतकरी बंधू-भगिनींनो, आमच्या गोठ्यात नऊ संकरित गाई आहेत. सकाळ-संध्याकाळची धार मी स्वतः काढते. कोणती गाय ठेवायची आणि कोणती विकायची, हे ठरवायला वही कशी उपयोगी पडते, ते आज तुम्हाला आमच्याच दोन गाईंच्या पानांवरून सांगणार आहे.

एक चांदणी. व्याली की दुसऱ्या महिन्यात दिवसाला 24 लिटर दूध द्यायची. पाहुणा आला की आधी तिच्यापाशी नेला जायचा. दुसरी कपिली. तिचं दूध कधी 16 लिटरच्या वर गेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. चार वर्षांपूर्वी चारा कमी पडला आणि एक गाय काढायची वेळ आली. घरात सगळ्यांच्या तोंडी कपिलीचंच नाव होतं. त्याच्या काही वर्षं आधीपासून मी वही ठेवत होते, म्हणून म्हटलं, आधी पानं तर बघू.

वही ठेवायची पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक गाईला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कितवं वेत आणि व्याल्याची तारीख. खाली कधी माजावर आली, कधी भरवली, उलटली की गाभण राहिली. दूध रोज लिहायची गरज नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची अशा दोन्ही धारा मोजायच्या. मापाने मोजलं तर फेसामुळे अर्धा-पाऊण लिटर सहज चुकतं. म्हणून बादली ताणकाट्याला लावा आणि रिकाम्या बादलीचं वजन वजा करा. एक लिटर दूध साधारण 1 किलो 30 ग्रॅम भरतं. वासरू पीत असेल तर त्या दिवशी त्याला बांधून ठेवा आणि त्याचं दूध बाटलीने मोजून पाजा, नाहीतर ते हिशेबात येतच नाही. गाय नेमकी त्या दिवशी माजावर असेल किंवा तिला ताप असेल, तर दोन-तीन दिवस थांबून मोजा. महिन्याच्या आकड्याला 30 ने गुणलं की त्या महिन्याचं दूध मिळतं. थोडं इकडेतिकडे होतं, पण निर्णयाला तेवढं पुरतं.

आता तिसऱ्या वेताची दोन्ही पानं ऐका. चांदणी पहिल्या महिन्यात 20 लिटर, दुसऱ्यात 24. पुढे मात्र ती भराभर उतरली. पाचव्या महिन्यात 15, सातव्यात 9, दहाव्यात 4 आणि मग आटली. एकूण दूध सुमारे 4050 लिटर. कपिली 14 ने सुरू झाली, 16 वर गेली आणि तिथून हळूहळू उतरली. सहाव्या महिन्यात 13, दहाव्यात 9. अकराव्या महिन्यातही ती 8 लिटर देत होती, मी तिला मुद्दाम आटवली. तिचं एकूण दूध 4125 लिटर. शिखरावर आठ लिटरांचा फरक असूनही वेताचं दूध जवळपास सारखंच. शिखरानंतर महिन्याला साधारण दहा टक्क्यांपर्यंत घट होणं गाईच्या स्वभावातच आहे. चांदणीची घट महिन्याला 20-25 टक्क्यांवर गेली होती.

खरा फरक माजाच्या रकान्यात होता. कपिली 110 व्या दिवशी गाभण राहिली. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे दोन वेतांमधलं अंतर 390 दिवस. चांदणी चार वेळा उलटली. पाचव्या रेतनाला, 330 व्या दिवशी राहिली, म्हणजे अंतर 610 दिवस. वेताचं दूध या दिवसांनी भागा. कपिली दिवसाला साडेदहा लिटर पडते, चांदणी साडेसहा. मला विचाराल तर गाईची किंमत या एकाच आकड्यावर करावी.

पैशातही मांडून बघितलं. दुधाला 32 रुपये लिटर, दुभत्या गाईचा चारा-खुराक दिवसाला 250 रुपये आणि आटलेल्या गाईचा 150 रुपये धरला. आमचे त्या वेळचे दर असेच होते, तुम्ही तुमचे घाला. चांदणी तब्बल 310 दिवस कोरडी उभी राहणार होती आणि त्या दिवसांचाच खर्च साडेशेहेचाळीस हजार होत होता. वीस महिन्यांत चारा-खुराक वजा जाता तिच्यामागे उरत होते साधारण 8 हजार, आणि कपिलीमागे तेरा महिन्यांत 40 हजार. औषधं आणि रेतनाचा खर्च यात धरलेला नाही. तो चांदणीचाच जास्त होता.

सासूबाईंना हे पटेना. त्या म्हणाल्या, "अगं, घरात आल्यापासून दूध वाहिलंय तिनं. लक्ष्मी आहे ती आपली." मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसले. म्हटलं, "आत्या, आटल्यापासून किती दिवस नुसता चारा घातला, तुम्हीच मोजा." त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि गप्प झाल्या. त्यांचं मन मोडलं याचं मला आजही वाईट वाटतं.

तरीही एका वेतावरून मी गाय काढली नाही, आणि तुम्हीही काढू नका. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर खाण्यातून पुरेसं मिळालं नाही तर अंगावरचं मांस झिजवून दूध देते. मग माज लांबतो, रेतन उलटतं. म्हणजे दोष आपल्या गव्हाणीचाही असू शकतो. चांदणी दुसऱ्या वेतालाही अशीच उलटली होती. तेव्हा डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घेतलं, तिसऱ्या वेताला खुराक वाढवला, खनिज मिश्रण सुरू केलं. तरी पान बदललं नाही, तेव्हाच निर्णय घेतला.

आणखी तीन ठिकाणी वही चुकीची वाचली जाते. एप्रिल-मे मध्ये सगळ्याच पानांवर दूध उतरलं, तर तो उन्हाचा किंवा चाऱ्याचा दोष आहे, तिथे कुठल्या एका गाईवर राग काढू नये. एकटीच गाय एकदम तीन-चार लिटरने खाली आली तर आधी सडांना हात लावा. दगडी असेल तर उपचाराने बऱ्याचदा दूध परत येतं. आणि पहिलारू गाईची तुलना तिसऱ्या वेताच्या गाईशी कधीच करू नका. पहिल्या वेताला ती पुढच्यापेक्षा साधारण पाव हिस्सा कमीच देते. पहिलारू पहिलारूशीच ताडून बघावी.

गाय काढायची म्हणजे नेमकं काय करायचं, हेही स्पष्ट बोलायला हवं. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्यापासून गाईच्या कत्तलीला बंदी आहे. पूर्ण भाकड झालेल्या गाईला गिऱ्हाईक मिळत नाही. मग ती आयुष्यभर आपल्या दावणीला राहते, नाहीतर गोशाळा शोधत फिरावं लागतं. काही जण रात्री सोडून देतात, ते तर करूच नये. म्हणून निर्णय गाय गाभण असताना किंवा नुकती व्यालेली असताना घ्यायचा. माझ्या वहीत व्याल्यापासून 150 व्या दिवसावर लाल खूण असते. तिथपर्यंत गाय गाभण नसेल तर डॉक्टरांना बोलावते आणि त्या महिन्याचं दूधही समोर ठेवते.

चांदणी सात महिन्यांची गाभण असताना शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने घेतली. त्यांना मी दोन्ही वेतांच्या पानांची झेरॉक्स दिली, पाच रेतनांच्या तारखांसकट. त्यामुळे दहा हजार रुपये कमी मिळाले. त्यांच्याकडे मुरघास भरपूर होता आणि घरचा मका होता, त्यांनी समजून-उमजून नेली. गाडीत चढताना सासूबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं. कपिलीच्या दोन कालवडी आज आमच्या गोठ्यात दुभत्या आहेत. त्यातली थोरली गेल्या महिन्यात 96 व्या दिवशी गाभण राहिली, तिच्या पानावर तशी नोंद आहे.