काउंटरवरची पंधरा मिनिटं

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडलगतच्या गल्लीतलं हे यात्री निवास. काउंटरमागची मुलगी बारावीनंतर दोन वर्षं इथंच काम करते. आता ती केबिन क्रूसाठी अर्ज भरतेय.

पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं, 'मी शांत स्वभावाची असून मला लोकांची सेवा करायला आवडते. भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड.' यात खोटं काही नाही. पण हे वाक्य कुणाच्याही अर्जात चालेल, त्यातून ही मुलगी दिसत नाही. म्हणून आम्ही तिला विचारलं, इथं सगळ्यात मोठी गडबड कधी उडाली?

ती सांगू लागली. गेलं नवरात्र, रात्रीचे साडेअकरा. बेळगावकडचं पाच जणांचं कुटुंब आलं. त्यांची खोली चुकून दुसऱ्यांना दिली गेलेली. मुलगा तावातावानं भांडत होता. तेवढ्यात तिचं लक्ष मागं उभ्या असलेल्या आजींकडं गेलं. कपाळावर घाम, हात थरथरत होते. तिनं वाद तिथंच सोडला. "अज्जी, कुंद्री," म्हणत त्यांना खुर्चीत बसवलं. कन्नडमध्येच विचारलं, साखरेचा आजार आहे का, जेवलात का? इन्सुलिन घेतलेलं, पण रांगेत जेवण राहिलेलं. आजी शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून तिनं साखरपाणी दिलं. घड्याळ बघितलं आणि मुलाला म्हणाली, "पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर दवाखान्यात न्यायचं, रिक्षा थांबवून ठेवते." आजींना तरतरी आली, तेव्हा खायला दिलं. खोलीचं मग. शेजारच्या लॉजमध्ये फोन केला आणि बॅग उचलून त्यांना तिथवर पोचवलं.

अर्जात आता हीच रात्र आहे, पाच ओळींत. काय दिसलं, आधी काय केलं, मागं काय ठेवलं, शेवटी काय झालं. १८० आसनांच्या विमानात क्रू मोजकाच असतो आणि असे आजी-आजोबा तिथंही असतात. मला विचाराल तर या पाच ओळींतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिनं भांडण अर्ध्यावर सोडून आजींकडं बघितलं. शांतपणा तो हाच. आणि 'खोली नाही' हे खरं सांगूनही तिनं त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, म्हणून सेवा वेगळी लिहायची गरजच उरली नाही.

भाषेची ओळही बदलली. 'कन्नड: बोलता येते, वाचता येत नाही.' आजोळ निपाणीचं, शाळा मराठी, म्हणून असं. मुलाखतीत समोरचा सरळ कन्नडमध्ये बोलू लागला, तर नुसतं 'कन्नड' लिहिलेलं अंगाशी येतं.

हल्ली ती मुलाखतीच्या तालमीसाठी मैत्रिणीला समोर बसवते. मैत्रीण खोदून विचारते, "साखर किती घातलीस? आजी बेशुद्ध असत्या तर?"

"तर तोंडात काहीच घातलं नसतं. कुशीवर वळवून आधी १०८ला फोन लावला असता."