ता.क. कुठे लिहावा, कुठे टाळावा

मंडळी, समोरच्या बऱ्याच जणांच्या फाउंड्र्या बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागातल्या, म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो. पुण्यातल्या पंप कंपनीच्या खरेदी विभागाला तुम्ही मेल लिहिताय. ओळखपाळख काही नाही. मागणी एकच: 'एका कास्टिंगचं ड्रॉइंग पाठवा, दर कळवतो.' खाली नाव आणि मग ता.क.

आधी माझी जुनी तक्रार ऐका. नावाखाली लोगो, तीन मोबाइल नंबर, कारखान्याचा पत्ता, 'हा मेल गोपनीय आहे' असा परिच्छेद, सणाच्या शुभेच्छा, आणि या सगळ्याच्या तळाशी ता.क.! फोनवर मेल वाचणारा तिथवर पोचतच नाही. कागदी पत्रात सहीखाली ता.क. एकटाच असायचा, म्हणून नजर आपोआप तिथे जायची. मेलमध्ये ती जागा आपणच राखायची. नाव स्वतः टाइप करा, एक ओळ सोडा, ता.क. लिहा. आपोआप येणारी सिग्नेचर त्याच्या खाली राहू द्या. आणि तोच ता.क. स्मरणपत्रात पुन्हा चिकटवू नका. एकाच थ्रेडमध्ये मजकूर परत आला, की जीमेल बरेचदा तो तीन टिंबांमागे झाकून टाकतं.

आता संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि मुख्य मुद्दा तर अजून बाकी आहे, म्हणून झरझर सांगतो.

हा ता.क. बघा: 'तुमच्या वेबसाइटवरच्या पंपाचं हाउसिंग एफजी 260 मध्ये आहे. त्याच ग्रेडचं, साधारण तेवढ्याच वजनाचं कास्टिंग आम्ही सध्या ओततो.' हा कामाचा, कारण तो वरच्याच मागणीला पुरावा देतो आणि फक्त त्याच माणसाला लागू पडतो. तोच मजकूर दहा कंपन्यांना जसाच्या तसा जात असेल, तर खोडा.

आता दुसरा: 'आमच्याकडे मशीनिंगही होतं, ब्रोशर सोबतच्या लिंकवर आहे, उद्या फोन करू का?' इथे वरची एक मागणी होती, तिच्या तीन झाल्या. वाचणारा त्यातली सगळ्यात सोपी निवडतो. 'ब्रोशर पाहिलं, गरज पडल्यास कळवू' असं उत्तर येतं आणि ड्रॉइंग काही येत नाही. उत्तरं सारखी ता.क.लाच येऊ लागली, तर समजा की त्यानं मूळ मेल खाऊन टाकला.

कधीकधी उलटंही होतं. ता.क. झाकून मेल वाचा. मागणीच कळेनाशी झाली, तर ते वाक्य वर न्या, त्याची जागा मजकुरात आहे.

दुसरी विनंती मी एकाच ठिकाणी चालवून घेतो. मेल योग्य टेबलावर पडतोय का, याची खात्री नसेल तेव्हा: 'कास्टिंगची खरेदी आपल्याकडे नसेल, तर कुणाला लिहावं एवढं कळवा.' यानं ड्रॉइंगची मागणी मोडत नाही, ती फक्त बरोबर माणसाकडे जाते. पण मग त्या मेलमध्ये एफजी 260 ची ओळ ता.क.मध्ये नको, ती वर मजकुरात घ्या. ता.क. एकच आणि फार तर दोन वाक्यांचा.