हॉस्टेलमधली उसनी ट्यूब आणि स्वतःचं छोटं पाऊच

नमस्कार श्रोतेहो. जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली, की सांगलीत विश्रामबागच्या आसपासची हॉस्टेलं भरून जातात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मुलं-मुली पहिल्यांदाच घराबाहेर राहायला येतात. पाणी बदलतं, जेवण बदलतं, झोप बदलते, आणि नेमकं वयही मुरमांचंच असतं. त्वचारोगाची डॉक्टर म्हणून मला या मुलांच्या मुरमांची फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती शेजारच्या कॉटवरून उसन्या घेतलेल्या ट्यूबची.

अलीकडेच तपासलेल्या एका मुलीचं सांगते. पहिलं वर्ष, खोलीत तिघीजणी. कपाळावर आणि गालांवर मुरमं आली. मैत्रीण म्हणाली, "आईची क्रीम आहे, लावून बघ." आठवड्याभरात मुरमं बसली, चेहरा उजळ दिसायला लागला, म्हणून हिनं ती रोज लावली. पुढे सुट्टीला गावी गेली, ट्यूब मैत्रिणीकडेच राहिली, आणि चारच दिवसांत चेहरा लालबुंद झाला. नुसतं पाणी लागलं तरी आग व्हायची. हनुवटीभोवती एकसारख्या बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या.

मी तिला ती ट्यूब आणायला सांगितली. मागच्या बारीक अक्षरांत तीन नावं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे मिश्रण वांगावर, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं द्यायचं असतं. मैत्रिणीच्या आईला ते वांगासाठीच दिलेलं होतं. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो. पण वापर लांबला तर त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवली की दाबलेलं सगळं दुप्पट जोरानं वर येतं. मग माणूस घाबरून पुन्हा तीच क्रीम लावतो आणि त्यातच अडकतो.

म्हणून दुसऱ्याची कुठलीही ट्यूब चेहऱ्याला लावण्याआधी तिची मागची बाजू वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव दिसलं तरी ती परत ठेवा. लेबलवर उभी लाल पट्टी असेल तर ते चिठ्ठीवरचं औषध आहे. 2018 साली केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती खोल्याखोल्यांतून फिरत असतात. गजकर्णाची म्हणून मिळणारी काही मलमंही याच जातीची. खाज थांबते, चकत्याची कडा पुसट होते, आणि बुरशी मात्र पसरत राहते.

मग स्वतःजवळ काय ठेवायचं? चार ट्यूब पुरतात. एक सौम्य फेसवॉश, एक बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर, एक सनस्क्रीन, आणि मुरमं असतील तरच बेन्झॉइल पेरॉक्साइडची अडीच टक्क्यांची जेल. सगळं चेन असलेल्या पारदर्शक पाऊचमध्ये, कॉटच्या दांडीला टांगून. सामायिक बाथरूममध्ये काही ठेवायचं नाही. तिथं साबणाची वडी ओली राहून विरघळते आणि ती कोण कोण वापरतं तेही कळत नाही. डबीपेक्षा ट्यूब बरी, कारण डबीत बोटं बुडतात. प्रत्येक ट्यूबवर मार्कर पेननं नाव आणि उघडल्याची तारीख लिहा.

हॉस्टेलला बोअरचं पाणी असेल तर एक गोष्ट बघा. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. अशा पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट थर चेहऱ्यावर राहतो. त्वचा ताणल्यासारखी वाटते. फेसवॉश घेण्याचं माझं मुख्य कारण हेच, सुगंध किंवा फळांची चित्रं नव्हेत. सकाळ-संध्याकाळ दोनदा धुणं पुरे.

सकाळी मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त. तर्जनी आणि मधलं बोट यांवर दोन रेघा ओढल्या, की चेहरा आणि मानेपुरतं होतं. ते साधारण एक ग्रॅम भरतं, म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून दीड महिना जाते. या पाऊचमधली सर्वांत महाग वस्तू तीच, म्हणून मुलं ती थेंब-थेंब लावतात, आणि मग तिचा उपयोग होत नाही. पैसे कमी असतील तर सीरम-टोनर सोडा, सनस्क्रीन सोडू नका. उन्हात चालताना ओढणी किंवा छत्री घेतली तर तीच ट्यूब जास्त कामाची ठरते.

बेन्झॉइल पेरॉक्साइड रात्री लावायचं. वाटाण्याएवढी जेल, मुरमाच्या टोकावर नव्हे तर मुरमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरून. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. थोडं कोरडं होणं, किंचित चुरचुरणं चालतं. सूज आली किंवा खूप खाज सुटली तर थांबवायचं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात धीर सुटून हात शेजारच्या ट्यूबकडे जातो. आणखी एक, ही जेल कपड्याचा रंग उडवते. उशीला पांढरा अभ्रा घाला.

टॉवेलबद्दल मी जरा आग्रही आहे. पावसाळ्यात जाड टर्किश टॉवेल हॉस्टेलच्या दोरीवर दोन दिवस वाळत नाही, आणि एका दोरीवर चौघांचे ओले टॉवेल एकमेकांवर पडतात. गजकर्ण खोलीभर असंच फिरतं. त्यापेक्षा दोन पातळ पंचे घ्या, एक अंगाला, एक फक्त चेहऱ्याला. ते पंख्याखालीही वाळतात. टॉवेल, रेझर, लिप बाम आणि औषधाची ट्यूब या चार वस्तू कुणाला देऊ नका आणि कुणाकडून घेऊ नका. फेसवॉश संपला म्हणून मैत्रिणीच्या ट्यूबमधून एखादा थेंब घेतला तर बिघडत नाही.

त्या मुलीचं पुढं काय झालं? क्रीम बंद केली, काही आठवडे फक्त पाणी, गार पाण्याच्या घड्या आणि साधं मॉइश्चरायझर. मुरमांची जेल मी लगेच दिली नाही. भाजलेल्या त्वचेवर ती आणखी झोंबली असती. लाली जायला दोन महिन्यांच्या वर लागले, मग तिचं चार ट्यूबचं पाऊच तयार झालं. मेडिकलमधून साधे ब्रँड घेतले, तर सगळं मिळून सहाशे-सातशेच्या आसपास बसतं.

तुमच्यापैकी कुणी अशी क्रीम कित्येक महिने लावत असेल, तर उद्या सकाळी मनानं एकदम बंद करू नका. काहींना ती टप्प्याटप्प्यानं सोडवावी लागते. सिव्हिलमध्ये केसपेपर काढून त्वचारोगाच्या ओपीडीत या, आणि येताना ती ट्यूब बरोबर आणा, रिकामी असली तरी. "पांढऱ्या रंगाची, निळ्या झाकणाची" एवढ्यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. मागची बारीक अक्षरं लागतात.