गंजीची सावली निळी का?

[दृश्य: खिडकीजवळचं टेबल. कोरा कागद, मेणबत्ती, उभी धरलेली पेन्सिल.]

दिवेलागणीची वेळ आहे, पण घरातले दिवे अजून लावू नका. खिडकीपाशी एक पांढरा कागद ठेवा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला मेणबत्ती लावा आणि कागदावर पेन्सिल उभी धरा. तिच्या दोन सावल्या पडतील. दोन्ही करड्या दिसतील असं वाटतं ना? तसं होत नाही. एक चक्क निळी दिसते, दुसरी पिवळट नारिंगी. बाहेर उजेड फार असेल तर हे जमत नाही. थोडं अंधारू द्या, दोन्ही सावल्या साधारण सारख्या गडद झाल्या की रंग उठून दिसतात.

मेणबत्तीचा उजेड पेन्सिलीनं अडवला तरी तिथे काळोख होत नाही. खिडकीतून येणारा आकाशाचा निळसर उजेड तिथे पोचतोच, म्हणून ती सावली निळी. खिडकीचा उजेड अडला तिथे मेणबत्ती पोचते, म्हणून ती पिवळी. सावली म्हणजे उजेड नाही अशी जागा नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी उजेडात असलेली जागा.

आता मेणबत्तीच्या जागी सूर्य ठेवा आणि कागदाच्या जागी बर्फानं झाकलेलं शेत.

[दृश्य: जिव्हर्नी गाव, सपाट शेतं, मागे टेकड्यांची रांग.]

फ्रान्समधलं जिव्हर्नी. 1890. चित्रकार क्लोद मोने पन्नाशीला टेकलेला. घराजवळच्याच शेतात कापणी झालेल्या पिकाच्या गंज्या उभ्या होत्या. इंग्रजी नावामुळे आपण त्यांना गवताच्या गंज्या म्हणतो, पण त्या होत्या धान्याच्या. कणसांसकट पेंढ्या रचायच्या आणि वर शाकारायचं. कोकणातली भाताची उडवी पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल. उंची पंधरा-वीस फूट. मळणीयंत्र गावोगाव फिरायचं, पाळी येईपर्यंत गंज्या शेतातच राहायच्या, कधी कधी थेट हिवाळाभर. मोनेला हवं होतं ते हेच. महिनोन् महिने जागचं न हलणारं मॉडेल, आणि त्याच्यावर दर घडीला बदलणारा उजेड.

त्यानं एक कॅनव्हास सुरू केला. उजेड बदलला, म्हणून दुसरा मागवला. मग तिसरा. त्याची सावत्र मुलगी ब्लांश हातगाडीवरून कॅनव्हास ने-आण करायची. सकाळच्या धुक्याचा कॅनव्हास वेगळा, दुपारचा वेगळा. उजेड सरकला की हातातला खाली ठेवायचा आणि त्या उजेडाचा उचलायचा. ऑक्टोबरमध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याची तक्रार आहे, की या दिवसांत सूर्य इतक्या झपाट्यानं खाली जातो की त्याचा पाठलाग जमत नाही. या मालिकेत शेवटी सुमारे पंचवीस चित्रं झाली.

[दृश्य: बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातलं 1891 चं ‘गंजी, सूर्यास्त’. कॅमेरा सावकाश जवळ.]

त्यातलं हे एकच नीट बघू. सूर्य गंजीच्या मागे आहे. म्हणजे आपल्याकडे असलेली गंजीची बाजू पूर्ण सावलीत. जुन्या शिस्तीत शिकलेला चित्रकार इथे काय करेल? तपकिरीत काळा मिसळेल आणि ती बाजू गडद करून मोकळा होईल. चूक नाही, पण मग गंजी भोक पाडल्यासारखी दिसते. मोनेनं त्या सावलीत लाल, नारिंगी, जांभळे, निळे फटकारे शेजारी शेजारी ठेवलेत. आणि कडेला, जिथे मागचं ऊन गंजीला वेढून पुढे झिरपतं, तिथे तांबड्या-नारिंगी रंगाची पेटलेली किनार.

हे रंग त्यानं पॅलेटवरच एकत्र का केले नाहीत?

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्यांना रंगचक्र आठवत असेल. नारिंगीच्या समोर निळा, पिवळ्याच्या समोर जांभळा. हे विरोधी रंग. निळा आणि नारिंगी घोटून एक करा, मळकट करडा मिळतो, कारण एक रंग जो प्रकाश परत पाठवतो नेमका तोच दुसरा शोषून घेतो. तेच दोन रंग न घोटता शेजारी ठेवले तर प्रत्येकाचा उजेड शाबूत राहतो. शिवाय आपला डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हे कापडाच्या धाग्यांमुळे कळलं. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता, आणि तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्याच्या रंगामुळे काळा तसा भासत होता. 1839 मध्ये त्यानं यावर जाडजूड पुस्तक लिहिलं.

इथे एक गैरसमज खोडून टाकतो. लांबून पाहिलं की फटकारे डोळ्यात मिसळून एक रंग होतो, असं सरसकट सांगितलं जातं. मोनेचे फटकारे त्यासाठी फार मोठे आहेत. दहा फुटांवरूनही ते वेगवेगळे दिसतात, आणि पूर्ण मिसळत नाहीत म्हणूनच पृष्ठभाग थरथरता वाटतो. बारीक ठिपक्यांचा हिशेब मांडला तो जॉर्ज सरा या चित्रकारानं, तो प्रकार वेगळा.

[दृश्य: पृष्ठभागाचा अगदी जवळून भाग, रंगाचे उंचवटे.]

दुसरा गैरसमज असा की हे सगळं एका बैठकीत, झरझर उरकलेलं आहे. या उंचवट्यांकडे बघा. मोने आधी घट्ट रंगाचे खडबडीत फटकारे मारायचा आणि ते सुकू द्यायचा. तैलरंगाला त्यासाठी काही दिवस लागतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं दुसरा रंग वरून ओढायचा. तो फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचांमधून खालचा डोकावत राहतो. ओल्यावरच ओढला असता तर रंग मळले असते. नवशिक्यांचं गाडं इथेच अडतं. घाई झाली की निळा नारिंगीत ओढला जातो आणि चित्रभर एकच करडेपणा पसरतो. म्हणजे तुटक फटकाऱ्यांमागे घाईपेक्षा वाट बघणंच जास्त आहे. पुढे हे कॅनव्हास स्टुडिओत एकमेकांशेजारी ठेवून मोने त्यांवर आणखी हात फिरवायचा.

रंग तरी किती? 1905 च्या एका पत्रात त्यानं स्वतःची यादी दिली आहे. शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन लाल, गडद मॅडर, कोबाल्ट निळा आणि एक गार हिरवा. बस्स, सहा. काळा नाही.

[दृश्य: शिकागोच्या संग्रहातलं ढगाळ दिवसाचं बर्फाचं चित्र.]

आता हे पाहा, बर्फ आहे पण आभाळ भरलेलं. उजेड एका सूर्याकडून न येता सगळ्या आभाळातून येतोय, त्यामुळे रेखीव सावली पडतच नाही आणि पेन्सिलीचा खेळ इथे चालत नाही. सूर्यास्तातला निळा-नारिंगी झगडा इथे असता तर खोटा वाटला असता. म्हणून फटकारे तुटक असूनही रंग एकमेकांच्या जवळचे, मवाळ आहेत.

मे 1891 मध्ये पॅरिसला द्युराँ-रुएलच्या दालनात यांतली पंधरा चित्रं एकत्र लागली. त्याच वर्षी मोने नदीकाठच्या पॉप्लर झाडांकडे वळला. जिव्हर्नीत त्याच्या शेजारी राहिलेल्या लिला कॅबट पेरी या अमेरिकन चित्रकर्तीनं पुढे आठवण लिहिली आहे. त्यांतल्या एका चित्रातला उजेड फक्त सात मिनिटं टिकायचा. ठरलेल्या एका पानावरचं ऊन गेलं, की मोने तो कॅनव्हास बाजूला करून पुढचा घ्यायचा.